रशियन शिफारसपत्र दुरुस्त करताना: साच्यातली वाक्ये आणि धातुसाधितांचा गुंता

रशियातील विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी, म्हणजे तिकडच्या शब्दांत ‘मागिस्त्रातुरा’साठी, अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला अनेकदा शिक्षकाचे शिफारसपत्र जोडावे लागते. या पत्राला रशियन भाषेत ‘रेकोमेंदातेल्नोये पिस्मो’ म्हणतात. रशियन शिकवणारे मराठी भाषक शिक्षक ते रशियनमध्येच लिहायला बसतात तेव्हा भाषा शक्य तितकी भारदस्त असावी असे त्यांना वाटते, आणि त्या भारदस्तपणापायी पत्रात दोन प्रकारचे दोष शिरतात. पहिला दोष साच्यातल्या सरकारी वाक्यांचा असतो. दुसरा दोष धातुसाधित रचनांचा, म्हणजे मराठीतल्या ‘शिकणारी’, ‘आलेली’, ‘करताना’, ‘करून’ या रूपांच्या रशियन भावंडांचा असतो. असे मसुदे मी गेली काही वर्षे तपासते आहे. एकच नमुना घेऊन तो वाक्यागणिक दुरुस्त करून दाखवला, तर या दोन्ही दोषांची मुळे कुठे आहेत ते स्पष्ट होईल. रशियन शब्द इथे अक्षरांना धरून देवनागरीत लिहिले आहेत. बोलताना आघात नसलेला ‘ओ’ हा ‘आ’कडे झुकतो, हे रशियन जाणणाऱ्यांनी मनात धरावे.

पुढील मसुदा कोणा एका व्यक्तीचा नाही. तपासताना हमखास भेटणाऱ्या वाक्यांतून तो मी बांधला आहे, आणि विद्यार्थिनीचे सुनीता पाटील हे नावही उदाहरणापुरतेच आहे.

‘नास्तोयाश्चिम पिस्मोम दोवोझु दो वाशेवो स्वेदेनिया, श्तो सुनिता पातिल, याव्ल्यायुश्चायास्या स्तुदेन्त्कोय व्तोरोवो कुर्सा, ओबुचायुश्चायास्या ना काफेद्रे रुस्कोवो याझिका, झारेकोमेंदोवाला सेब्या स पोलोझितेल्नोय स्तोरोनी. ओबुचायास ना काफेद्रे, उ नेयो स्फोर्मिरोवालिस उस्तोइचिवीये नाविकी इस्स्लेदोवातेल्स्कोय राबोती. येयु बिला प्रोवेदेना राबोता पो इझुचेनियु ग्लागोलोव द्विझेनिया. प्रिनिमाया आक्तिव्नोये उचास्तिये व ओब्श्चेस्त्वेन्नोय झिझ्नी फाकुल्तेता, पोल्झुयेत्स्या झास्लुझेन्नीम आव्तोरितेतोम व कोल्लेक्तिवे. स्चितायु, श्तो सुनिता पातिल, सुमेयुश्चाया उस्पेश्नो ओस्वोइत प्रोग्रामु मागिस्त्रातुरी, दोस्तोयना बित प्रिन्यातोय.’

मराठीत याचा अर्थ असा होतो: ‘सदर पत्राद्वारे आपल्या निदर्शनास आणून देते की द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असलेल्या, रशियन भाषा विभागात शिक्षण घेत असलेल्या सुनीता पाटील यांनी आपली चांगली छाप पाडली आहे. विभागात शिकत असताना तिच्यात संशोधनाची पक्की कौशल्ये तयार झाली. तिच्याकडून गतिवाचक क्रियापदांच्या अभ्यासाचे काम करण्यात आले. विद्याशाखेच्या सामाजिक जीवनात सक्रिय सहभाग घेत सहकाऱ्यांमध्ये तिला यथोचित मान आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करू शकणारी सुनीता पाटील प्रवेशास पात्र आहे असे मी मानते.’

मराठी अनुवाद जड आहे, पण व्याकरणाच्या दृष्टीने त्यातले एकही वाक्य चुकलेले नाही. मूळ रशियन मसुद्यात मात्र व्याकरणाच्या निदान दोन ठळक चुका आहेत, आणि त्या मराठीच्या वळणावरूनच तिथे गेलेल्या आहेत. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी साच्यातले शब्दप्रयोग पाहू.

‘दोवोझु दो वाशेवो स्वेदेनिया’ हा शब्दप्रयोग रशियन कार्यालयात कनिष्ठाने वरिष्ठाला सादर केलेल्या टिपणात येतो, आणि तिथे त्याच्यानंतर बहुधा काहीतरी बिघडल्याचे वृत्त असते. कोणी कामावर आले नाही, यंत्र बंद पडले, नियम मोडला, अशा बातम्यांची ती प्रस्तावना आहे. शिफारसपत्राच्या आरंभी तो वाचल्यावर रशियन वाचक क्षणभर तक्रारीची वाट पाहतो. ‘नास्तोयाश्चिम’ म्हणजे ‘याद्वारे’ हा शब्द दाखल्यात योग्य ठरतो. विद्यार्थिनी अमुक वर्षात शिकते असे प्रमाणित करणाऱ्या कागदाला कायद्याचे वजन असते आणि ‘याद्वारे प्रमाणित करण्यात येते’ या शब्दांना तिथे काम असते. शिफारसपत्र हा दाखला नाही. ते एका शिक्षकाचे मत आहे, म्हणून ‘या रेकोमेंदुयु’, म्हणजे ‘मी शिफारस करते’, एवढे म्हटले की औपचारिकताही राहते आणि बोलणारी व्यक्तीही दिसते.

‘झारेकोमेंदोवाला सेब्या स पोलोझितेल्नोय स्तोरोनी’ आणि ‘पोल्झुयेत्स्या झास्लुझेन्नीम आव्तोरितेतोम व कोल्लेक्तिवे’ या दोन वाक्यांचा उगम वेगळा आहे. सोव्हिएत काळात ‘खाराक्तेरिस्तिका’ नावाचा एक कागद असे. उच्च शिक्षणसंस्थेत प्रवेश, नवी नोकरी, परदेश प्रवास अशा प्रसंगी शाळेने किंवा कामाच्या ठिकाणाने माणसाच्या वर्तनाविषयी तो द्यायचा असे. परदेशी जाणाऱ्याच्या कागदावर प्रशासन, पक्षसंघटना आणि कामगार संघटना अशा तिघांच्या सह्या लागत, आणि या तिघांना मिळून ‘त्रेउगोल्निक’, म्हणजे त्रिकोण, म्हणत. ‘नैतिकदृष्ट्या स्थिर’ आणि ‘राजकीयदृष्ट्या जाणकार’ हे त्या कागदाचे ठरलेले शब्द होते. तीन सह्या करणाऱ्यांपैकी कोणालाही उद्या अडचणीत आणणार नाही अशी भाषा त्यात वापरली जाई, आणि म्हणूनच ती कोणत्याही एका माणसाविषयी काही सांगत नसे. राजकीय शब्द आता गेले आहेत, पण ‘समूहात यथोचित मान’ आणि ‘सामाजिक जीवनात सक्रिय सहभाग’ हे शब्द जुन्या नमुन्यांतून आणि त्यांवर बेतलेल्या पाठ्यपुस्तकांतून अजून पाझरत राहतात. आपल्याकडे पूर्वी रशियन शिकलेल्या पिढीच्या हाती सोव्हिएत पाठ्यपुस्तके होती, त्यामुळे हा वारसा इथेही पोहोचला.

अशा भाषेसाठी लेखक कोर्नेय चुकोव्स्की यांनी ‘कांत्सेल्यारित’ हा शब्द बनवला आणि 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रशियन भाषेविषयीच्या आपल्या पुस्तकात तो रूढ केला. ‘कांत्सेल्यारिया’ म्हणजे सरकारी कचेरी, आणि ‘इत’ हा रोगांच्या नावांना लागणारा प्रत्यय आहे. मराठी वैद्यकीय शब्दांत त्याच्या जागी ‘दाह’ येतो, म्हणून या शब्दाचा मराठी अवतार करायचा झाला तर तो ‘कचेरीदाह’ असा होईल. चुकोव्स्कींचा आक्षेप कचेरीत कचेरीची भाषा वापरण्याला नव्हता. ती भाषा तिची जागा सोडून माणसाविषयीच्या बोलण्यात घुसते, याला त्यांचा विरोध होता, आणि शिफारसपत्र ही नेमकी तशी जागा आहे.

या आजाराचे एक लक्षण व्याकरणातही दिसते. ‘येयु बिला प्रोवेदेना राबोता पो इझुचेनियु’ या वाक्यात ‘तिने अभ्यास केला’ या दोन-तीन शब्दांच्या मजकुरासाठी क्रिया दोन तुकड्यांत फोडली आहे. ‘इझुचात’, म्हणजे अभ्यास करणे, या क्रियापदाचे नाम झाले, त्याला आधार म्हणून ‘काम करणे’ हे पोकळ क्रियापद आले, ते कर्मणी झाले, आणि मुलगी तृतीया विभक्तीत वाक्याच्या कोपऱ्यात गेली. ‘प्रिनिमात उचास्तिये’, म्हणजे ‘सहभाग घेणे’, हाही असाच फुटलेला प्रयोग असून त्याच्या जागी ‘उचास्त्वोवात’ हे एकच क्रियापद पुरते. मराठी शासकीय पत्रांतले ‘करण्यात आले’ ज्यांच्या हातात बसलेले आहे, त्यांना हे वाक्य रशियनमध्ये लिहिणे फार सोपे जाते, कारण दोन्ही कचेऱ्यांची वळणे इथे एकमेकींना तंतोतंत जुळतात. दुरुस्ती मात्र क्रियापद परत आणून संपत नाही. ‘ओना इझुचाला ग्लागोली द्विझेनिया’, म्हणजे ‘तिने गतिवाचक क्रियापदांचा अभ्यास केला’, हे वाक्य नीट आहे, पण तो अभ्यास रशियन शिकणारा प्रत्येक जण करतो. साच्याखाली दडलेली माहिती शिक्षकाला विचारून काढावी लागते. नमुन्यापुरते समजू की सुनीताने कथांमधून 140 उदाहरणे उतरवून काढली, त्यांतली 12 उदाहरणे तिच्या सुरुवातीच्या स्पष्टीकरणात बसेनात, आणि तिने उदाहरणे गाळण्याऐवजी स्पष्टीकरण सोडून दिले. निवड समितीला नेमके हे वाचायचे असते.

आता ‘याव्ल्यायुश्चायास्या’ या लांबलचक शब्दाकडे वळू. रशियनमध्ये वर्तमानकाळी ‘आहे’ हे क्रियापद सहसा लिहीत नाहीत. ‘सुनीता द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी’ एवढेच म्हणतात आणि लिहिताना मध्ये आडवी रेघ देतात. मराठी लेखकाला मात्र वाक्य ‘आहे’विना लंगडे वाटते, म्हणून तो ‘आहे’ला प्रतिशब्द शोधतो आणि त्याच्या हाती ‘याव्ल्यायेत्स्या’ हे ग्रांथिक क्रियापद लागते. व्याख्येत, कायद्यात किंवा शास्त्रीय लेखनात ते शोभते. मुलीच्या ओळखीसाठी ते अवजड आहे, आणि त्याचे धातुसाधित केले की ते दुप्पट अवजड होते.

इथून धातुसाधितांचा प्रश्न सुरू होतो. रशियनमध्ये क्रियापदापासून विशेषण बनवण्याच्या चार तऱ्हा आहेत आणि त्यांना ‘प्रिचास्तिये’ म्हणतात: करत असलेला, केलेला या अर्थाची दोन कर्तरी रूपे आणि केला जाणारा, केला गेलेला या अर्थाची दोन कर्मणी रूपे. मराठीत मुख्यतः ‘-णारा’ आणि ‘-लेला’ या दोन रूपांवर हे सगळे भागते. ‘पुण्याहून आलेली मुलगी’ यात मुलगी कर्ता आहे आणि ‘मुलीने लिहिलेला निबंध’ यात निबंध कर्म आहे, पण रूप ‘-लेला’ हेच राहते. रशियनमध्ये पहिल्यासाठी ‘प्रियेखाव्शाया’ हे कर्तरी रूप आणि दुसऱ्यासाठी ‘नापिसान्नी’ हे कर्मणी रूप लागते, आणि ही निवड चुकली तर निबंधच काहीतरी लिहीत बसला असा अर्थ होतो.

वर्तमान कर्तरी रूपाचा ‘-युश्च-’, ‘-याश्च-’ हा प्रत्यय रशियन बोलीतला मूळचा नाही. तो चर्च स्लाव्हॉनिक या धार्मिक ग्रंथभाषेतून आलेला आहे. त्याचे देशी भावंड ‘-याच-’ हे साध्या विशेषणांत राहिले आहे. ‘गोर्याची’ म्हणजे गरम आणि ‘गोर्याश्ची’ म्हणजे जळत असलेला, ही जोडी हे नाते छान दाखवते. मराठीत तद्भव शब्दाशेजारी तत्सम शब्द आला की जो फरक कानाला जाणवतो, साधारण तसाच फरक रशियन कानाला इथे जाणवतो. म्हणून ‘-णारी’, ‘-णारा’ ही रूपे मराठीत रोजच्या बोलण्यातली असली, तरी त्यांची रशियन प्रतिरूपे लेखी आणि उच्च शैलीची राहतात. बोलताना रशियन माणूस ‘कोतोरी’, म्हणजे ‘जो’, वापरून पोटवाक्य करतो. एका वाक्यात ‘याव्ल्यायुश्चायास्या’ आणि ‘ओबुचायुश्चायास्या’ ही दोन रूपे पाठोपाठ आली की अर्थाआधी ‘श्च’ आणि ‘स’ यांचा सळसळाटच ऐकू येतो. मसुदा मोठ्याने वाचणे ही याची सर्वांत भरवशाची परीक्षा आहे.

या रूपांचे स्थानही मराठीपेक्षा वेगळे असते. मराठीत धातुसाधित विशेषण आपल्या सगळ्या लवाजम्यासह नामाच्या आधीच येते. रशियनमध्ये ते आधीही येऊ शकते, आणि मग सहसा स्वल्पविराम लागत नाही, पण लवाजमा मोठा असेल तर ते नामानंतर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम देऊन ठेवण्याची रीत आहे. नामानंतर ठेवताना लिंग, वचन आणि विभक्ती नामाशी जुळवावी लागते. ‘मी विभागात शिकणाऱ्या विद्यार्थिनीची शिफारस करते’ या वाक्यात मराठीतही ‘शिकणारी’चे ‘शिकणाऱ्या’ होते. रशियनमध्येही ‘रेकोमेंदुयु स्तुदेन्त्कु’ म्हटल्यावर पुढे ‘ओबुचायुश्चुयुस्या’ हे द्वितीयेचे रूपच यायला हवे. शब्दकोशातले प्रथमेचे रूप जसेच्या तसे चिकटवण्याची चूक घाईत फार होते, आणि रूप दूर पडल्यामुळे ती नजरेतूनही सुटते.

मसुद्यातली पहिली ठळक चूक ‘सुमेयुश्चाया’ या शब्दात आहे. ‘पुढे अभ्यासक्रम पूर्ण करू शकणारी’ असे लेखिकेला म्हणायचे आहे. मराठीत ‘-णारा’ हे रूप वर्तमानालाही चालते आणि भविष्यालाही. ‘उद्या येणारी गाडी’ यात कोणालाही काही खटकत नाही. रशियनमध्ये भविष्यकाळाचे प्रिचास्तिये प्रमाणभाषेत नाही. ‘सुमेत’, म्हणजे ‘जमणे, जमवणे’, हे पूर्ण पक्षाचे, म्हणजे पुरी होणारी क्रिया दाखवणारे, क्रियापद आहे. पूर्ण पक्षाच्या क्रियापदांना वर्तमानकाळच नसतो, त्यांची वर्तमानासारखी दिसणारी रूपे भविष्य दाखवतात, आणि त्या रूपांपासून विशेषण बनवता येत नाही. इथे ‘कोतोराया सुमेयेत’, म्हणजे ‘जी करू शकेल’, असे पोटवाक्यच करावे लागते. हीच मर्यादा ‘बी’ या संकेतार्थी शब्दालाही आहे: ‘जिला संशोधन करायला आवडेल’ याचे धातुसाधित रशियनमध्ये होत नाही. तपासण्याची पद्धत सोपी आहे. प्रत्येक प्रिचास्तियेच्या जागी मनातल्या मनात ‘कोतोरी’चे पोटवाक्य ठेवून पाहावे, आणि त्या पोटवाक्यात भविष्यकाळ किंवा ‘बी’ आला तर ते पोटवाक्य तसेच राहू द्यावे.

दुसरी चूक अधिक खोल आहे, आणि माझ्या अनुभवात मराठी भाषकाला ती पटवून देणे सर्वांत कठीण जाते. ‘ओबुचायास ना काफेद्रे, उ नेयो स्फोर्मिरोवालिस नाविकी’ हे ते वाक्य. ‘ओबुचायास’ हे ‘देयेप्रिचास्तिये’ आहे, म्हणजे ‘शिकताना’, ‘शिकून’ यांसारखे धातुसाधित अव्यय. रशियन नियम असा की या अव्ययाची क्रिया करणारा आणि मुख्य वाक्याचा प्रथमेतला कर्ता एकच असला पाहिजे. या वाक्यात प्रथमेत ‘नाविकी’, म्हणजे कौशल्ये, आहेत, आणि विद्यार्थिनी ‘उ नेयो’, म्हणजे ‘तिच्याकडे’, अशी बाजूला उभी आहे. त्यामुळे रशियन वाचकाच्या लेखी विभागात कौशल्ये शिकत होती.

चेखव यांच्या 1884 सालच्या ‘तक्रार वही’ या छोट्या कथेतले असे एक वाक्य रशियात शाळेपासून सगळ्यांना पाठ असते. रेल्वे स्थानकावरच्या वहीत एक प्रवासी लिहितो: ‘या स्थानकाजवळ येताना आणि खिडकीतून निसर्ग पाहताना माझी टोपी उडाली.’ रशियन वाचक यावर हसतो, कारण मूळ वाक्यात प्रथमेत फक्त टोपी आहे, आणि म्हणून स्थानकाजवळ येणारी व निसर्ग पाहणारी तीच ठरते. मराठी वाचक हसत नाही. मी वर दिलेले मराठी वाक्य निर्दोष आहे, आणि त्यात गंमत कुठे आहे हे समजावून सांगावे लागते. ‘-ताना’ने जोडलेल्या क्रियेचा कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्याहून वेगळा असायला मराठीची हरकत नाही: ‘घरी जाताना पाऊस लागला’, ‘स्वयंपाक करताना हात भाजला’. ‘-ऊन’ या रूपाला बहुधा एकच कर्ता लागतो, पण तो प्रथमेत असण्याची सक्ती नाही. ‘पत्र वाचून तिला आनंद झाला’ यात वाचणारी तीच आहे आणि ती चतुर्थीत आहे. मराठीत अनुभव घेणारा माणूस वारंवार ‘मला’, ‘तिला’, ‘तिच्यात’ अशा रूपांत येतो, आणि भाषा त्यालाच खरा कर्ता मानून पुढे जाते. रशियन भाषाही माणसाला ‘येय’, ‘उ नेयो’ अशा रूपांत ठेवते, पण देयेप्रिचास्तिये त्या रूपाला कर्ता म्हणून ओळखत नाही.

याला एक सूट आहे. मुख्य वाक्य ‘मोझ्नो’, ‘नुझ्नो’, ‘लेग्को’, म्हणजे ‘शक्य’, ‘गरजेचे’, ‘सोपे’, असे शब्द आणि क्रियापदाचे मूळ रूप यांनी बनलेले असेल, तर प्रथमेतला कर्ता नसतानाही अव्यय चालते. ‘तिचा निबंध वाचताना लेखिकेची शिस्त पाहता येते’ अशा अर्थाचे ‘चिताया येयो राबोतु, मोझ्नो उविदेत…’ हे वाक्य रशियनमध्ये मान्य आहे, कारण वाचणारा आणि पाहणारा तोच अनाम वाचक असतो. एरवी प्रत्येक देयेप्रिचास्तियेजवळ थांबून ‘हे कोण करते आहे?’ असे विचारावे आणि उत्तर मुख्य वाक्यात प्रथमेत सापडते का ते पाहावे. सापडले नाही, तर एकतर मुख्य वाक्य फिरवून माणसाला प्रथमेत आणावे, नाहीतर ‘कोग्दा’, म्हणजे ‘जेव्हा’, घालून पोटवाक्य करावे.

मसुद्यातल्या ‘प्रिनिमाया आक्तिव्नोये उचास्तिये… पोल्झुयेत्स्या’ या वाक्यात तर कर्ता लिहिलेलाच नाही. मराठीत क्रियापद पुष्कळदा लिंगवचन सांगते, त्यामुळे ‘ती’ गाळली तरी बिघडत नाही. रशियन खाराक्तेरिस्तिकामध्येही कर्ता गाळण्याची प्रथा होती, कारण तो कागद अर्जदाराच्या नावाखालच्या नोंदींसारखा लिहिला जाई. पत्रात मात्र असे वाक्य वाचले की वाचकाला एखाद्या फाइलमधला उतारा वाचल्यासारखे वाटते. ‘सुनिता’ किंवा ‘ओना’ हा शब्द तिथे परत आणायला हवा, आणि ‘सामाजिक जीवना’च्या जागी ती खरोखर काय करते ते लिहायला हवे.

लहानसा, पण गोंधळ घालणारा एक तपशील शेवटच्या अक्षराचा आहे. ‘ओबुचायुश्चायास्या’ या विशेषणाच्या शेवटी नेहमी ‘स्या’ येतो, आधी स्वर असला तरीही. ‘ओबुचायास’ या अव्ययाच्या शेवटी मात्र ‘स’ येतो. दोन्ही रूपे एकाच क्रियापदाची असल्यामुळे हे शेवट एकमेकांत मिसळले जातात. शिवाय ‘ओबुचात्स्या’ हे क्रियापदच सरकारी थाटाचे आहे. शिक्षिका आपल्या विद्यार्थिनीविषयी लिहिते तेव्हा ‘उचित्स्या’, म्हणजे ‘शिकते’, हे साधे क्रियापद पुरेसे औपचारिक असते.

नावाविषयी एक बाब सांगायला हवी, कारण ती पत्राच्या पहिल्याच ओळीत येते. रशियन भाषा परक्या नावांनाही विभक्ती लावते, पण व्यंजनाने संपणारे आडनाव पुरुषाचे असेल तरच. म्हणून ‘रेकोमेंदुयु रोहाना पातिला’ असे लिहितात, आणि मुलीसाठी ‘रेकोमेंदुयु सुनितु पातिल’. ‘सुनीता’ हे नाव ‘आ’कारान्त असल्यामुळे त्याला विभक्ती लागते, आडनाव जसेच्या तसे राहते. ‘जोशी’, ‘कुलकर्णी’ यांसारखी ‘ई’ने संपणारी आडनावे कोणालाच बदलावी लागत नाहीत. आपले मधले नाव वडिलांचे असते, त्यामुळे ते रशियन पितृनामाच्या जागी घालण्याचा मोह होतो, पण पत्रात नाव पारपत्रावर आहे तसेच द्यावे, नाहीतर बाकीच्या कागदांशी ते जुळत नाही.

इतके केल्यावर पत्र असे झाले:

‘उवाझायेमीये च्लेनी प्रियोम्नोय कोमिस्सी! या रेकोमेंदुयु सुनितु पातिल द्ल्या पोस्तुप्लेनिया व मागिस्त्रातुरु. ओना व्तोरोय गोद उचित्स्या ना नाशेय काफेद्रे, ग्दे या वेदु कुर्स ग्रामातिकी. द्ल्या कुर्सोवोय राबोती ओ ग्लागोलाख द्विझेनिया ओना विपिसाला इझ रास्काझोव स्तो सोरोक प्रिमेरोव. ओब्नारुझिव द्वेनात्सात स्लुचायेव, ने पोदखोदिव्शिख पोद येयो पेर्वोये ओब्यास्नेनिये, सुनिता ओत नेवो ओत्काझालास. काझ्दुयु सुब्बोतु ओना चितायेत स पेर्वोकुर्स्निकामी रुस्किये तेक्स्ती. पिशेत ओना पोका मेद्लेन्नेये, चेम गोवोरित, नो काझ्दुयु मोयु प्राव्कु राझ्बिरायेत दो कोंत्सा. या उवेरेना, श्तो सुनिता स्प्रावित्स्या स प्रोग्रामोय मागिस्त्रातुरी. स उवाझेनियेम’

मराठीत सांगायचे तर: ‘प्रवेश समितीच्या आदरणीय सदस्यांनो, पदव्युत्तर प्रवेशासाठी मी सुनीता पाटील हिची शिफारस करते. आमच्या विभागात तिचे हे दुसरे वर्ष आहे आणि तिथे मी व्याकरण शिकवते. गतिवाचक क्रियापदांवरच्या निबंधासाठी तिने कथांमधून एकशे चाळीस उदाहरणे उतरवून काढली. आपल्या पहिल्या स्पष्टीकरणात न बसणारी बारा उदाहरणे आढळल्यावर सुनीताने ते स्पष्टीकरण सोडून दिले. दर शनिवारी ती पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर रशियन उतारे वाचते. बोलण्यापेक्षा लिहिण्याचा तिचा वेग अजून कमी आहे, पण माझी प्रत्येक दुरुस्ती ती शेवटपर्यंत समजून घेते. ती हा अभ्यासक्रम पार पाडेल याची मला खात्री आहे. सादर.’

सहीखाली शिक्षिकेचे पद, पदवी आणि संपर्क पूर्ण शब्दांत यावा. शेवटच्या वाक्यात ‘पात्र आहे’ हा निवाडा काढून ‘मला खात्री आहे’ असे लिहिले आहे, कारण पात्रता ठरवणे समितीचे काम आहे आणि शिक्षिकेने फक्त स्वतःच्या विश्वासाची हमी द्यायची असते. ‘उवेरेना’ हे स्त्रीलिंगी रूप आहे. पुरुष शिक्षकाने ‘उवेरेन’ लिहावे, आणि दुसऱ्याचा नमुना उतरवताना हे एक अक्षर हमखास निसटते.

या पत्रात मी एक लांब वाक्य मुद्दाम ठेवले आहे. ‘ओब्नारुझिव’ हे देयेप्रिचास्तिये आहे आणि ‘ने पोदखोदिव्शिख’ हे प्रिचास्तिये आहे. बारा उदाहरणे शोधणारी आणि स्पष्टीकरण सोडणारी एकच सुनीता असून ती प्रथमेत आहे. अव्यय पूर्ण पक्षाचे असल्यामुळे आधी शोध लागला आणि मग निर्णय झाला हा क्रम कळतो. ‘ओब्नारुझिवाया’ लिहिले असते तर ती उदाहरणे शोधत राहिली आणि सोडत राहिली असे काहीतरी झाले असते. ‘पोदखोदिव्शिख’ हे षष्ठी बहुवचन ‘स्लुचायेव’शी जुळते आणि त्याच्या आधी स्वल्पविराम आहे. ही दोन रूपे मोडून तीन छोटी वाक्ये करता आली असती, पण मग शोध आणि निर्णय यांच्यातला संबंध सैल पडला असता. आणि संबोधनातला ‘उवाझायेमीये’, म्हणजे ‘आदरणीय’, हा शब्द स्वतःच ‘उवाझात’, म्हणजे आदर करणे, या क्रियापदाचे वर्तमान कर्मणी प्रिचास्तिये आहे. तो इतका रुळला आहे की रशियन माणसालाही त्यातले क्रियापद आता ऐकू येत नाही, आणि म्हणून त्याला हात लावायचे कारण नाही.